दाव्याची फाईल आणि गावाचा अर्ज: खानदेशच्या स्थानिक इतिहास निबंधात साध्या माणसाचं बोलणं कसं शोधावं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी अभ्यासक गावाच्या इतिहासावर निबंध लिहितात, तेव्हा त्यांतले बरेच जण कुठून तरी जुनी जबानी किंवा अर्ज मिळवतात. इथवर सगळं ठीक असतं. मग त्या जबानीतल्या दोन ओळी अवतरणात टाकल्या जातात, खाली ‘शेतकऱ्याचा आक्रोश’ असं लिहिलं जातं आणि निबंध पुढे सरकतो. त्या ओळी शेतकऱ्याच्या तोंडच्या आहेत की कारकुनाच्या लेखणीच्या, कोणत्या प्रश्नाला उत्तर म्हणून आल्या, त्याच फाईलमध्ये पुढच्या पानावर काय आहे, हे कुणी पाहत नाही. चूक नेमकी इथे होते, आणि कामाचा क्रम बदलला की ती टळते.

हा लेख एकाच प्रकारच्या कागदांपुरता आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सावकार-शेतकरी दिवाणी दावा आणि त्याच गावाने कलेक्टरकडे केलेला सामूहिक अर्ज. मी ही जोडी निवडली त्याला कारण आहे. १८७९ च्या डेक्कन अॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अॅक्टने न्यायाधीशावर दोन कामं टाकली. प्रतिवादी शेतकऱ्याला बोलावून त्याची स्वतः तपासणी करायची आणि देवघेवीचा हिशेब पहिल्या रुपयापासून पाहायचा. त्यामुळे जो माणूस एरवी कोर्टात न फिरकता एकतर्फी हुकूमनाम्यात हरला असता, त्याला दहा-बारा वर्षांची देवघेव तोंडाने सांगावी लागली. साधा माणूस इतका सलग बोललेला आहे असे सरकारी कागद फार थोडे आहेत.

## टप्पा १: प्रश्न लहान करा

‘खानदेशातील शेतकऱ्यांचे जीवन’ हा प्रश्न एका निबंधात मावत नाही. एक गाव, दहा-पंधरा वर्षं आणि एकच गोष्ट घ्या. उदाहरणार्थ: १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरच्या दहा वर्षांत आमच्या गावातली जमीन सावकाराकडे कशी गेली, आणि ती जाताना माणसं काय म्हणत होती?

प्रश्न असा बांधला की कोणती फाईल उघडायची आणि कोणती सोडायची हे आपोआप ठरतं. तो बांधला नसेल तर दप्तरात जे सापडेल तेच निबंधाचा विषय होऊन बसतं.

## टप्पा २: गाव त्या काळी कुठे होतं ते आधी पाहा

पुष्कळ फेऱ्या इथेच वाया जातात. खानदेश १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. १९०६ मध्ये पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन जिल्हे झाले. नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा निघाला. मालेगाव आणि बागलाण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. म्हणून आज जळगाव जिल्ह्यात असलेल्या गावाचा १९०३ चा अर्ज ‘जिल्हे खानदेश’ या नावाखाली मिळतो, आणि नंदुरबारच्या गावाचा १९२० चा कागद ‘पश्चिम खानदेश’मध्ये शोधावा लागतो.

तालुक्यांच्या हद्दीही बदलल्या आहेत. कागदाच्या तारखेला गाव कोणत्या तालुक्यात होतं आणि त्या तालुक्याचे दावे कोणत्या दुय्यम न्यायाधीशाकडे चालत, हे दोन रकाने वहीच्या पहिल्याच पानावर भरून ठेवा.

तपासा: रिलीफ अॅक्ट १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. खानदेशसह इतर जिल्ह्यांना तो नंतर, टप्प्याटप्प्याने लागू झाला. तुमच्या दाव्याच्या तारखेला कोणती कलमं इथे चालू होती हे राजपत्रातल्या अधिसूचनेवरून किंवा थेट निकालपत्रातून पाहा. निकालात न्यायाधीश कलमांचा उल्लेख करतातच. १८८५ च्या खानदेशातल्या दाव्याला हा कायदा चिकटवलेले निबंध मी पाहिले आहेत. त्या एका ओळीने पुढचं सगळं विवेचन कोसळतं.

## टप्पा ३: दाव्याचा नंबर मिळवा

कोर्टाच्या अभिलेख कक्षात जाऊन ‘आमच्या गावाचे जुने दावे दाखवा’ म्हटलं तर कुणी काही दाखवू शकत नाही. तिथे वर्ष, दाव्याचा नंबर आणि पक्षकारांची नावं लागतात. हा नंबर कोर्टाबाहेर मिळवायचा असतो, आणि त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे गावचे जुने फेरफार. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. त्यानंतर जमीन कोर्टाच्या हुकूमनाम्याने एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की फेरफारात तसा शेरा पडे, आणि बहुधा त्यात दाव्याचा नंबर आणि सन असे. तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना सहाच्या जुन्या वह्या मागा. ‘हुकूमनाम्यावरून’, ‘दरखास्त’, ‘लिलाव’ हे शब्द शोधत पानं चाळा. एका गावासाठी दोन-तीन बैठका लागतात, पण हाती येते ती पक्की यादी.

दुसरी वाट दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातली. नोंदलेल्या दस्तांच्या सूची तिथे गाव आणि सर्व्हे नंबरवार पाहता येतात. दाव्याचं मूळ असलेलं खरेदीखत किंवा गहाणखत सापडलं की पक्षकारांची नावं मिळतात.

तिसरी वाट घराची. पुष्कळ कुटुंबांत फडक्यात बांधलेले जुने कागद असतात आणि त्यांत निकालाची नक्कल निघते. मात्र तो कागद जपला गेला कारण तो त्या घराच्या बाजूचा होता. हरलेल्या बाजूचा कागद त्या घरात सापडणार नाही. हे वहीत नोंदवून ठेवा.

सावधान: नंबर मिळाला म्हणजे फाईल मिळाली असं नाही. दिवाणी फाईलमधले कागद वर्गवारीने ठेवले जातात. निकाल आणि हुकूमनामा यांसारखे कागद कायमचे, बाकीचे ठरावीक मुदतीपर्यंत. मुदत संपलेले कागद नष्ट करण्यासाठी १९१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. त्यामुळे अनेकदा निकाल असतो आणि जबान्या गेलेल्या असतात. तसं झालं तर निकालात न्यायाधीशाने जबानीचा जो सारांश दिला असेल तेवढ्यावर थांबा, आणि निबंधात ‘प्रतिवादीने सांगितले’ न लिहिता ‘प्रतिवादीने असे सांगितल्याचे निकालपत्र म्हणते’ असं लिहा.

## टप्पा ४: अर्ज करताना

पाहणीसाठी आणि नकलेसाठी वेगवेगळे अर्ज करावे लागतात. दाव्यात पक्षकार नसलेल्या माणसाला कागद कशासाठी हवेत याचं कारण द्यावं लागतं, आणि पुराव्यात दाखल झालेले खासगी दस्त मिळण्यावर मर्यादा येतात. कारणात ‘ऐतिहासिक अभ्यास’ एवढंच न लिहिता गाव, वर्ष, दाव्याचा नंबर आणि कोणते कागद पाहायचे आहेत ते लिहा. महाविद्यालयाचं किंवा शाळेचं पत्र जोडा. आधी फक्त पाहणी मागा आणि नक्कल कशाची हवी हे फाईल पाहिल्यावर ठरवा. सगळ्या फाईलची नक्कल मागणारे अर्ज रेंगाळतात.

गावाचे अर्ज मात्र कोर्टात मिळत नाहीत. ते महसूल खात्याच्या कागदांत असतात: जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, आणि वरपर्यंत गेले असतील तर मुंबईच्या पुराभिलेखागारात महसूल विभागाच्या खंडांत. मुंबईच्या खंडांत अनेकदा मूळ मराठी अर्जाऐवजी त्याचं इंग्रजी भाषांतर किंवा गोषवाराच लावलेला असतो. अशा वेळी मूळ मराठी अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी उरला आहे का ते नक्की पाहा. भाषांतरात शिव्या, म्हणी, पिकांची स्थानिक नावं पहिल्यांदा गळतात.

## टप्पा ५: फाईल वाचण्याचा क्रम

जवळजवळ प्रत्येक जण निकाल आधी वाचतो. तो छापील किंवा सुवाच्य असतो, त्यात सगळी गोष्ट एका दमात सांगितलेली असते. म्हणूनच तो शेवटी वाचायचा. न्यायाधीशाने कुणाला खोटं ठरवलं हे एकदा कळलं की मग आपण जबानी मोकळेपणी वाचूच शकत नाही.

क्रम असा ठेवा: रोजनामा, दावा अर्ज, प्रतिवादीची कैफियत, न्यायाधीशाने काढलेले मुद्दे, जबान्या, निशाणी क्रमांक घातलेले दस्त, आणि मग निकाल.

रोजनाम्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. कोणत्या तारखेला कोण हजर होतं, तारीख का वाढली, याची ती कोरडी नोंद असते. पण ‘प्रतिवादी गैरहजर’ हा शेरा जून-जुलैत पडला असेल तर पेरणीचे दिवस आठवा, आणि दिवाळीच्या पुढेमागे पडला असेल तर कापूस वेचणीचे. हा अंदाज आहे, पुरावा नाही, म्हणून निबंधात तो ‘कदाचित’ असं म्हणूनच मांडा. पुढच्या तारखेला गैरहजेरीचं कारण लिहिलं असेल तर मात्र अंदाजाचा पुरावा होतो.

मुद्दे नीट उतरवून घ्या. पुढच्या टप्प्यात सगळं त्यांच्यावर उभं आहे.

तपासा: तारखा. सरकारी कागदावर इंग्रजी तारीख असते, पण दस्तात आणि वह्यांत नाही. शकात ७८ मिळवा (पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलल्यावर ७९). फसली सनात ५९० किंवा ५९१ आणि शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवा. हे दोन्ही सन मृगाला बदलतात. खानदेशातल्या व्यापाऱ्यांच्या वह्या बहुधा विक्रम संवतात असतात, आणि तो संवत दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. संवतातून ५७ वजा करा, नव्या इंग्रजी वर्षानंतर ५६. म्हणून जबानीत ‘छप्पनचे साल’ आलं तर ते संवत १९५६, म्हणजे दिवाळी १८९९ ते दिवाळी १९००. ते १८५६ समजून सगळा हिशेब त्रेचाळीस वर्षं मागे नेल्याची उदाहरणं आहेत.

## टप्पा ६: जबानी तीन भागांत सोडवा

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, म्हणून इथे सावकाश जाऊ. खाली दिलेली जबानी कोणत्याही खऱ्या दाव्यातली नाही. त्या काळच्या साच्यावर ती समजावण्यासाठी मी बांधली आहे. दावा १९१० चा धरा. सावकार वादी. त्याच्याकडे १९०४ चं दोनशे रुपयांचं खरेदीखत आहे आणि तो शेताचा कब्जा मागतो. शेतकरी म्हणतो, दस्त नावाला खरेदीचा, खरा व्यवहार गहाणाचा. न्यायाधीशाचा मुख्य मुद्दा: दस्त खरेदीचा की गहाणाचा?

> माझे वय अदमासे पंचेचाळीस. धंदा शेती. शपथेवर सांगतो की, मी वादीचे दुकानी बारा वर्षांपासून देवघेव करतो. पहिल्याने रोख रुपये वीस व बाजरी दोन मण घेतली. बाजरी सवाईने घेतली. छप्पनचे साली बैल मेले, तेव्हा रुपये चाळीस घेतले. मुलीचे लग्नास घेतले नाहीत. मुलीचे लग्न दस्तानंतर झाले. दस्ताचे वेळी रुपये माझे हाती पडले नाहीत, मागील बाकी धरली. दस्त मला वाचून दाखविला नाही. कापूस दरसाल वादीचे दुकानी घालतो, पावती नाही. शेत माझे वहिवाटीस आहे. सारा मी भरतो. माझी बायको तीन पावसाळे वादीचे घरी दळणास जात होती, ते पैसे खात्यात धरले नाहीत. बैल मेले ते वेळी गावात सात जोड्या राहिल्या होत्या. वाचून दाखविले, बरोबर आहे. निशाणी नांगर.

एकूण सलग कथन वाटतं. पण दिवाणी कोर्टात साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तराच्या रूपात लिहीत नसत, कथनाच्या रूपात लिहीत. म्हणजे वकिलाने आणि न्यायाधीशाने विचारलेले प्रश्न कागदावरून पुसले गेले आणि उत्तरं एकापुढे एक जोडली गेली. आपलं काम ते प्रश्न परत उभे करण्याचं. जबानी मोठ्या कागदावर ओळीवार उतरवा आणि प्रत्येक वाक्यापुढे तीनांपैकी एक खूण करा.

साचा. वय, धंदा, शपथ, ‘वाचून दाखविले, बरोबर आहे’. ही वाक्यं प्रत्येक जबानीत असतात. ती माणसाच्या भावनेचा पुरावा म्हणून कधीच वापरू नका. ‘अदमासे पंचेचाळीस’ हे वयही कारकुनाने चेहरा पाहून लिहिलेलं असू शकतं. शेवटी काढलेला नांगर मात्र सांगतो की या माणसाला सही येत नव्हती आणि तो स्वतःची ओळख शेतकरी म्हणून देत होता.

उत्तर. ‘मुलीचे लग्नास घेतले नाहीत.’ कुणीही आपणहून असं वाक्य बोलत नाही. समोरच्या वकिलाने विचारलं असणार की कर्ज लग्नाच्या खर्चासाठी घेतलं ना? नकारार्थी वाक्य दिसलं की तिथे उलटतपासणीतला प्रश्न दडलेला आहे असं धरा. म्हणजे हे वाक्य शेतकऱ्याबद्दल जितकं सांगतं, तितकंच शेतकरी लग्नात उधळतात या कोर्टात फिरणाऱ्या समजुतीबद्दल सांगतं. ‘शेत माझे वहिवाटीस आहे. सारा मी भरतो’ हेही उत्तरच. मुद्दा गहाणाचा असल्यामुळे त्याच्या वकिलाला ही दोन वाक्यं कागदावर हवीच होती. ‘दस्त वाचून दाखविला नाही’ हे वाक्य अशा प्रकारच्या अनेक दाव्यांत येतं. खरं असेल, पण तो बचावाचा ठरलेला भागही आहे. एका जबानीवरून त्याला फसवणुकीचा पुरावा मानू नका.

कापसाचं वाक्य पुन्हा वाचा. तो कापूस शेतकऱ्याच्या मते व्याजापोटी गेला. सावकाराचा दावा वाचाल तर बहुधा तोच कापूस शेताचा खंड म्हणून दाखवलेला असेल, कारण खरेदीखतानंतर मूळ मालकालाच खंडाने शेत ठेवायची कबुलायत करून घ्यायची रीत होती. एकच गाडीभर कापूस दोन कागदांत दोन नावांनी उभा राहतो. निबंधात ही दोन्ही नावं शेजारी ठेवा.

जास्तीचं. आता उरलेली वाक्यं पाहा. बायको तीन पावसाळे दळणाला जात होती. बैल मेले तेव्हा गावात सात जोड्या उरल्या होत्या. दस्त गहाणाचा की खरेदीचा, या मुद्द्याला या दोन्ही वाक्यांचा फारसा उपयोग नाही. दळणाचं वाक्य हिशेबात बसवायचा प्रयत्न तरी आहे, सात जोड्यांचं तर तेही नाही. हे बहुधा कुणी विचारलं नव्हतं. त्याला ते सांगायचं होतं आणि कारकुनाने लिहून घेतलं. साध्या माणसाचं बोलणं सगळ्यात जवळून ऐकू येतं ते अशा वाक्यांत, आणि निबंधाचा कणा याच वाक्यांवर उभा करायचा. त्यातलं वर्षं मोजायचं माप पाहा: बायकोचं काम ‘तीन पावसाळे’, कर्ज ‘बारा वर्षं’. पहिलं माप घरातलं, दुसरं खातेवहीतलं.

त्या बाईची जबानी फाईलमध्ये नाही. तिच्याबद्दल एवढंच एक वाक्य आहे आणि तेही नवऱ्याच्या तोंडी. तेवढंच लिहा. ती थकलेली होती, ती रडत होती, असं काही जोडू नका.

सावधान, खानदेशासाठी खास: जबानी मराठीत आहे म्हणून माणूस मराठीत बोलला असं नाही. तो अहिराणीत बोलला असेल, सातपुड्याच्या पायथ्याचा असेल तर भिली किंवा पावरीत, आणि मग मध्ये दुभाष्या असेल. त्याचा उल्लेख फाईलमध्ये आहे का ते पाहा. कारकुनाने ते कोर्टाच्या मराठीत लिहिलं आणि न्यायाधीशाने इंग्रजीत वेगळं टिपण केलं. दोन्ही मिळाली तर ओळीला ओळ लावून तुलना करा. इंग्रजी टिपणात जास्तीची वाक्यं बहुधा गाळलेली असतात. अलीकडे एक नवी रीत पडली आहे: जिवंतपणा यावा म्हणून जबानी परत अहिराणीत करून अवतरणात द्यायची. कृपा करून असं करू नका. त्या अहिराणीचा एकही शब्द त्या माणसाचा नाही, तुमचा आहे. कारकुनाच्या मराठीतून एखादा अहिराणी शब्द निसटून आत राहिला असेल तर तो मात्र सोन्यासारखा जपा, आणि तो कागदावर जसा आहे तसा द्या.

## टप्पा ७: गावाचा अर्ज चाळून घ्या

अर्जाची अडचण जबानीच्या उलट असते. जबानीत प्रश्न पुसलेले असतात, अर्जात लिहिणारा. ‘मेहेरबान कलेक्टर साहेब बहादूर यांचे हुजुरास’ इथपासून ‘गरिबांवर मेहेरबानी व्हावी’ इथपर्यंतची भाषा कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाची. ‘आम्ही लेकराबाळांसह उपाशी मरत आहोत’ हे वाक्यही त्याच्या साच्यातलं असू शकतं. ते खोटं होतं असा याचा अर्थ नाही, पण या गावाबद्दल ते वेगळं काही सांगत नाही.

हे ओळखायची खात्रीची पद्धत आहे. त्याच तालुक्यातल्या, त्याच वर्षाच्या चार-पाच गावांचे अर्ज जमवा. सगळ्यांत समान असलेली वाक्यं पेन्सिलीने खोडा. अक्षर एकच असेल तर लिहिणारा एकच, हेही कळेल. खोडल्यावर जे उरतं ते त्या गावाचं. कधी तीनच ओळी उरतात: अमक्या नाल्याकाठची विहीर आटली, सरकारी कामाची जागा सहा कोस लांब आहे, मोहाची फुलं वेचू देत नाहीत. निबंधासाठी त्या तीन ओळी बाकीच्या दोन पानांपेक्षा मोलाच्या.

मग कागद उलटा करा. पाठीमागचे शेरे हा अर्जाचा दुसरा अर्धा भाग असतो: मामलेदाराने काय अहवाल दिला, किती दिवसांनी, आणि शेवटी सारा तहकूब झाला, सूट मिळाली की अर्ज नुसता दप्तरी दाखल झाला. सह्या आणि निशाण्याही मोजा. पाटील आणि दोन-चार सधन खातेदारांचाच अर्ज असेल तर त्याला ‘गावाचा आवाज’ म्हणता येणार नाही. शेतमजूर, महारवाडा, भिलाटी यांच्या निशाण्या आहेत का, हे पाहा आणि नसतील तर तसं लिहा. साऱ्यात सूट मिळून ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याला काय मिळणार होतं, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

## टप्पा ८: दोन कागद एकमेकांसमोर ठेवा

आता अडचण येते. समजा, आपल्या नमुन्यातल्या गावाचा १९०० चा अर्ज म्हणतो, ‘शेतात काडी उगवली नाही’. तोच शेतकरी, ज्याचा नांगर अर्जावरही आहे, १९१० मध्ये शपथेवर सांगतो, ‘कापूस दरसाल घालतो’. इथे बहुतेक जण एक कागद लपवतात किंवा माणसाला खोटं ठरवतात.

दोन्ही करू नका. अर्ज सूट मागण्यासाठी होता, म्हणून त्यात नापिकी पूर्ण असते. जबानी परतफेड दाखवण्यासाठी होती, म्हणून तिच्यात कापूस दरसाल असतो. प्रत्येक वाक्य ज्या दारात बोललं गेलं त्या दाराच्या मापाचं आहे. यानंतर तिसरा कागद शोधा, ज्याला या दोन्हींत रस नाही: त्या वर्षाची तालुक्याची आणेवारी, पिकांची आकडेवारी, किंवा सावकाराची वही दाखल असेल तर तिच्यात त्या संवताला कापूस जमा आहे का. वहीत छप्पनच्या साली कापूस जमा नाही आणि सत्तावन्नला आहे असं निघालं, तर ‘दरसाल’ हा शब्द मोघम आहे एवढंच सिद्ध होतं. नोंद मुळीच नाही असं निघालं तर प्रश्न उघडा राहतो, कारण वही सावकाराची आहे आणि वादही त्याच नोंदीचा आहे.

तपासा: तुमच्या निबंधात सावकार प्रत्येक वाक्यात लबाड आणि शेतकरी प्रत्येक वाक्यात भाबडा झाला आहे का? झाला असेल तर वादीची जबानीही याच तीन खुणा लावून वाचा. तिच्यातही जास्तीची वाक्यं असतात.

## टप्पा ९: परिच्छेद लिहिणं

नेहमी येणारा परिच्छेद असा असतो:

> दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याला क्रूर सावकाराने फसवून त्याची जमीन गिळंकृत केली. ‘दस्त मला वाचून दाखविला नाही,’ असे तो आक्रोशून सांगतो.

त्याच कागदावरून लिहिता येण्यासारखा परिच्छेद:

> दस्ताच्या वेळी रोख मिळाली नाही, मागली बाकीच धरली, असे प्रतिवादी शपथेवर सांगतो. वादी दोनशे रुपये रोख दिल्याचे सांगतो. दस्त वाचून दाखवला नाही हे प्रतिवादीचे म्हणणे अशा दाव्यांत वारंवार येते, त्यामुळे त्यावर फार भार देता येत नाही. पण कोणी न विचारता तो दोन गोष्टी सांगतो असे दिसते: बैल मेले त्या साली गावात सातच जोड्या उरल्या, आणि त्याची बायको तीन पावसाळे सावकाराच्या घरी दळणाला जात होती. हे दळण खात्यात कुठेच जमा नाही.

दुसऱ्यात एकही जोरकस विशेषण नाही, आणि तरी वाचणाऱ्याला त्या घराचा हिशेब दिसतो. कोण सांगतो, कुणासमोर सांगतो आणि कशासाठी, या तीन गोष्टी प्रत्येक अवतरणाभोवती असल्याच पाहिजेत. कागदातली भाषा सुधारू नका. ‘वादीचे दुकानी’ला ‘वादीच्या दुकानात’ करायचं असेल तर अवतरणचिन्हं काढा. न लागलेला शब्द टिंबांनी दाखवा, अंदाजाने भरू नका.

अवतरणाखाली कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर, सन, निशाणी क्रमांक आणि पान लिहा. ‘जुन्या कागदपत्रांवरून’ एवढ्यावर कुणालाही तुमचं म्हणणं तपासता येत नाही.

## टप्पा १०: नावं छापण्याआधी

शंभर वर्षांपूर्वीचा दावा असला तरी दोन्ही घराण्यांचे वंशज बहुधा त्याच गावात, कधी समोरासमोर राहतात. जमिनीचा वाद आजही चालू असू शकतो. जिथे नावाने अर्थ बदलत नाही तिथे ‘वादी’, ‘प्रतिवादी’ पुरे आहे. सर्व्हे नंबरही गाळता येतो. पूर्ण नोंद मार्गदर्शकाकडे द्या, छापील निबंधात नको.

फौजदारी कागद वापरलात तर आणखी जपा. पोलिसांच्या कागदांत भिल्ल किंवा पारधी माणसाच्या नावापुढे ‘सराईत’, ‘गुन्हेगार जमात’ असे शब्द येतात. ते लिहिणाऱ्याचं मत आहे, त्या माणसाचं वर्णन नाही. अवतरणात ते जसेच्या तसे ठेवा, पण तुमच्या स्वतःच्या वाक्यात त्यांतला एकही शब्द येऊ देऊ नका. आरोपीचा कबुलीजबाब वापरायचा असेल तर तो कोणी, कुठे आणि अटकेनंतर किती दिवसांनी लिहून घेतला हे आधी लिहा आणि मग त्यातलं वाक्य द्या. हा तपशील फाईलमध्ये मिळत नसेल तर तो कबुलीजबाब निबंधाबाहेर ठेवा.